दोन्हीकडचा (x − 10) उडवला, तर एक उत्तर कुठे जातं?

प्रश्न: समीकरणाच्या दोन्ही बाजूंना तोच अवयव दिसतोय. तो कट केला तर बिघडतं काय? उत्तर तर बरोबर येतं, पडताळाही जुळतो.

उत्तर: येतं ते उत्तर बरोबरच असतं. प्रश्न न आलेल्या उत्तराचा आहे. सोलापुरातल्या टॉवेलच्या घाऊक खरेदीचं एक उदाहरण घेऊ. आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून निवडले आहेत, बाजारभाव समजू नयेत.

दोन व्यापारी आहेत. दोघांकडेही पहिले 10 टॉवेल मिळून 1000 रुपयांना. त्यापुढचा प्रत्येक टॉवेल पहिला व्यापारी 80 रुपयांना देतो. दुसऱ्याची योजना वेगळी: दहाच्या वर जितके जास्त नग घ्याल, तितके रुपये त्या जादा नगांच्या 100 रुपये दरातून कमी. म्हणजे 5 जादा घेतले तर ते पाचही 95 रुपयांनी, 12 जादा घेतले तर ते बाराही 88 रुपयांनी. 10 किंवा त्याहून जास्त टॉवेल घ्यायचे असतील, तर किती नगांना दोघांचं बिल सारखं येईल?

एकूण टॉवेल x मानू. जादा नग (x − 10) आणि दुसऱ्याकडचा त्यांचा दर 100 − (x − 10), म्हणजे 110 − x. दोन्हीकडचे 1000 वजा केले की उरतं:

80(x − 10) = (x − 10)(110 − x)

इथे हात शिवशिवतो. दोन्हीकडे (x − 10) आहे, उडवला, 80 = 110 − x राहिलं, x = 30 आलं. पडताळा घ्या: पहिल्याकडे 1000 + 80 × 20 = 2600, दुसऱ्याकडे 1000 + 20 × 80 = 2600. जुळलं, खाली दोन रेघा मारल्या, पुढचं गणित.

आता x = 10 घालून बघा. दोघांकडेही बिल 1000. हे उत्तर तर प्रश्नात सुरुवातीलाच लिहिलेलं होतं! तरी ते वहीत आलं नाही.

प्रश्न: पण मग ते नेमकं कोणत्या ओळीत गेलं?

उत्तर: भागाकाराच्या. दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागायला परवानगी आहे, पण ती संख्या शून्य नसेल तरच. (x − 10) ही ठरलेली संख्या नाही. x बदलला की ती बदलते, आणि x = 10 ला नेमकी शून्य होते.

त्या एका ठिकाणी काय घडतं ते जवळून पाहा. भागण्याआधी x = 10 घातलं तर डावी बाजू 80 × 0 आणि उजवी 0 × 100. दोन्ही शून्य, समीकरण खरं. 80 आणि 100 सारखे नाहीत, पण शून्याने गुणल्यामुळे तो फरक झाकला गेला होता. (x − 10) काढून टाकताच झाकण गेलं आणि 80 = 100 उघडं पडलं, जे खोटं आहे. म्हणून नव्या समीकरणाने 10 ला बाहेर काढलं.

कॅल्क्युलेटरवर शून्याने भागायला गेलात तर तो लगेच अडवतो. इथे कोणीच अडवत नाही, कारण भागताना हातात 0 नसतो, (x − 10) असं निरुपद्रवी दिसणारं अक्षर असतं.

प्रश्न: पडताळ्यात तरी हे सापडायला हवं ना?

उत्तर: नाही सापडत, आणि ही चूक टिकून राहते ती याचमुळे. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की कधी कधी एखादं फाजील उत्तर घुसतं. ते वहीत लिहिलेलं असतं, मूळ समीकरणात घातलं की उघडं पडतं. हरवलेलं उत्तर वहीत नसतंच, मग घालणार काय?

त्याऐवजी घात मोजा. कंस सोडवले तर आपलं समीकरण x² − 40x + 300 = 0 होतं, म्हणजे वर्गसमीकरण. उडवल्यानंतर मात्र एक घाताचं उरलं. घात मध्येच घसरला तर थांबा आणि मागची ओळ बघा.

प्रश्न: मग सोडवायचं कसं?

उत्तर: भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणायचं.

1. उजवी बाजू डावीकडे घ्या: 80(x − 10) − (x − 10)(110 − x) = 0.
2. सामाईक अवयव बाहेर काढा: (x − 10)[80 − (110 − x)] = 0. आतला कंस काढताना x चं चिन्ह बदलतं, तिथे घाई नको. येतं (x − 10)(x − 30) = 0.
3. गुणाकार शून्य म्हणजे निदान एक अवयव शून्य. म्हणून x = 10 किंवा x = 30.

मेहनत उडवण्याइतकीच आहे. फक्त अवयव पुसला न जाता कंसात बसून राहतो.

दोन्ही मुळे हातात असली तर खरेदीचाही निर्णय होतो. 10 आणि 30 च्या मध्ये पहिला स्वस्त: 20 नगांना 1800, दुसऱ्याकडे 1900. तिसाच्या पुढे दुसरा स्वस्त: 40 नगांना 3100, पहिल्याकडे 3400. (दुसऱ्याने ही योजना 60 नगांवर थांबवलेली बरी. 60 टॉवेलचं बिल 3500 होतं आणि 61 चं 3499.)

भागायचंच असेल तर आधी बाजूला लिहा: «x = 10 असेल तर? दोन्ही बाजू 0, म्हणून 10 हे मूळ.» मग «x ≠ 10 असेल तर» असं लिहून खुशाल भागा.

प्रश्न: 5(x − 2) = 3(x − 2) मध्ये उडवलं तर 5 = 3 येतं. म्हणजे उकल नाही?

उत्तर: आहे, x = 2. इथे चूक निदान ओरडून सांगते, पण बरेच जण तिलाच उत्तर समजून «उकल नाही» लिहून मोकळे होतात. 5 = 3 चा अर्थ इतकाच, की x = 2 सोडून दुसरी उकल नाही.

उलट (x − 3)(x + 1) = 4(x − 3) मध्ये उडवूनही x = 3 मिळतं, काहीच हरवत नाही. कारण हे समीकरण मुळात (x − 3)² = 0 आहे, दोन्ही मुळे 3. एक गेलं, त्याचंच जुळं उरलं. अशा गणितामुळेच उडवण्याची सवय अंगी मुरते.

प्रश्न: म्हणजे चलाने कधीच भागायचं नाही?

उत्तर: जे शून्य होऊच शकत नाही त्याने भागा. वास्तव संख्यांसाठी x² + 1 किंवा 2ˣ चालतं. x ही टॉवेलची लांबी असेल तर x नेही भागता येतं, कारण शून्य लांबीचा टॉवेल नसतो. मात्र ते कारण वहीत लिहा.

पुढे त्रिकोणमितीत हिशोब आणखी महाग पडतो. 2 sin θ cos θ = cos θ मध्ये cos θ उडवला तर sin θ = 1/2, म्हणून 0° ते 360° मध्ये θ = 30° आणि 150°. cos θ = 0 देणारे 90° आणि 270° गेले. चारांतली दोन उत्तरं एका फटक्यात.