एमसीबीवरचा C16 आणि 6000 वाचायचा कसा

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी एसी लावला की एमसीबी पडते न भाऊ, तर आधी तिच्यावर काय छापलंय ते बघा. C16 असेल तर 16 अँपिअर, म्हणजे 230 व्होल्टवर साधारण 3680 वॅट, एवढीच त्या लाइनची मर्यादा. खाली चौकोनात 6000 असते ते बघून लोकं 6000 वॅट समजतात, पण ते तसं नाहीये, शॉर्ट झाला तर 6000 अँपिअरपर्यंतचा करंट ती एमसीबी तोडू शकते एवढाच त्याचा अर्थ.

आता हिशोब करा, दीड टनाचा एसी 1700 धरा, प्रेस 1000, किटली 1500, झाले 4200, म्हणजे 18 अँपिअरच्या वर. एवढ्यावर लगेच पडत नाही, आतली पट्टी हळूहळू तापते, आणि डबा उन्हाच्या भिंतीवर असला तर अजून लवकर पडते.

मग कोणी म्हणतं 32 ची टाकून दे, ते अजिबात करू नका, कारण भिंतीतली वायर तीच 2.5 स्क्वेअरची राहते, एमसीबी पडणार नाही आणि वायर आतल्या आत जळेल. एसीला मेन डब्यापासून वेगळी लाइनच ओढून घ्या.