ब्रेथ अ‍ॅनालायझर चेक करताना टॉलरन्स कुठून मोजायचा

ब्रेथ अ‍ॅनालायझर चेक करायला सिम्युलेटर वापरतात, तो ठराविक अल्कोहोलचं सोल्युशन तापवून श्वासासारखी वाफ देतो. त्या सोल्युशनच्या बाटलीवर ०.०८० छापलेलं असतं म्हणून बरेच जण तेच धरून चालतात, पण खरी रेफरन्स व्हॅल्यू त्या लॉटच्या सर्टिफिकेटवर असते, आणि टॉलरन्स तिच्यापासून मोजायचा. समजा सर्टिफिकेटवर ०.०८२ आहे (२१० लिटर श्वासात इतके ग्रॅम अल्कोहोल) आणि तुमच्या प्रोसिजरमध्ये लिहिलंय ±०.००५ किंवा ±५%, जे मोठं असेल ते. ०.०८२ चे ५% म्हणजे जेमतेम ०.००४, मग ०.००५ लागू, म्हणजे रेंज ०.०७७ ते ०.०८७. आता मशीनने ०.०७६ दाखवलं तर ते फेल, छापील ०.०८० धरलं असतं तर तेच पास झालं असतं!

पण फेल आलं की लगेच मशीन अ‍ॅडजस्ट करू नका प्लीज, आधी सिम्युलेटरचा थर्मामीटर बघा. सोल्युशन ३४ डिग्रीला पाहिजे, एक डिग्री कमी असलं तरी वाफेतलं अल्कोहोल साधारण साडेसहा टक्के घटतं, म्हणजे ०.०८२ चं जवळपास ०.०७७ होतं, मग ०.०७६ दाखवणारं मशीन बरोबरच वाचतंय ना, तेव्हा सोल्युशन नीट तापू द्या आणि परत टेस्ट घ्या. तापमान बरोबर असून प्रत्येक टेस्टला आकडा थोडा थोडा खाली सरकत असेल तर सोल्युशन वापरून पातळ झालंय, नवीन भरा.