मोत्यांचा सर शेवटी घाला, सगळ्यांत आधी उतरवा

आईच्या मोत्यांच्या सरातले पुढचे मोती अजून झळकतात. मानेमागचे सात-आठ मात्र खडूसारखे निस्तेज झालेत. लग्नाला निघताना सर घालून झाला की ती मानेवर सेंट मारायची आणि घरी आल्यावर तो तसाच डबीत ठेवायची. मोती म्हणजे मुळात चुनखडीच, कॅल्शियम कार्बोनेट, थरावर थर बसलेला. घामाचं आम्ल ते थर हळूहळू खातं आणि सेंटमधलं अल्कोहोल मोती कोरडा करतं. गेलेलं पाणी पुन्हा चढवता येत नाही, म्हणून सगळ्यांत जास्त जपायचं ते मोत्याला.

तयार होताना पावडर, क्रीम, स्प्रे, सेंट सगळं आधी आटपा. सेंट पूर्ण वाळू द्या, मगच सर, नथ, कुड्या घाला. घरी आल्यावर साडी सोडण्याआधी मोती उतरवा. मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि एकेक मोती पुसा, मानेमागचे विसरू नका. सर पाण्यात बुडवू नका, कारण ओला दोरा ताणला जातो आणि कुजतो. रात्रभर कापडावर आडवा पसरून ठेवा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत मोती कोंडू नयेत, ते फार कोरडे पडतात.

सोन्याचं दुखणं वेगळं आहे. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं आणि त्याला स्विमिंग पूलच्या क्लोरीनने सहसा काही होत नाही. पण उरलेलं तांबं-चांदी आणि डाग दिलेले सांधे क्लोरीनला बळी पडतात. १८ कॅरेटच्या खड्याच्या अंगठीत मिश्रधातू जास्त, म्हणून धोकाही जास्त. खडा धरणारे बारीक आकडे आतून तडकतात आणि ते कळतं खडा हलायला लागल्यावरच. रोज पोहणाऱ्यांनी अंगठी आणि मंगळसूत्र घरीच ठेवावं. ब्लीचने बाथरूम धुतानाही हाच नियम पाळा.

समुद्रात सोनं खराब होण्यापेक्षा हरवतं जास्त. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि ओली अंगठी लाटेबरोबर निसटते. अलिबागला किंवा तारकर्लीला निघालात तर ती मुक्कामावरही काढू नका, घरूनच काढून जा. साखळी पाण्यात गेलीच, तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा, नाहीतर कड्यांत मीठ आणि रेती बसते.

चांदीचे पैंजण घामाने आणि हवेतल्या गंधकाने काळे पडतात, क्लोरीनने करडे होतात. काळेपणा घरी निघतो. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर पैंजण ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओता आणि पाच मिनिटांनी धुवून पुसा. मोती जडवलेला किंवा मुद्दाम काळा केलेला ऑक्सिडाइज्ड दागिना यात कधीही टाकू नका.

सर परत ठेवताना दोन्ही हातांत आडवा धरून पाहा. मोती आणि गाठ यांमध्ये फट दिसली, तर दोरा सैल झालाय. पुढच्या समारंभाआधी पटव्याकडून गाठवून घ्या.