हेल्पडेस्कला पहिला मेल: ‘नमस्कार’नंतर लगेच काय?

छत्रपती संभाजीनगरला मी एका ऑनलाइन अर्जाच्या हेल्पडेस्कवर काम केलं. मेल आणि चॅट, दोन्हीकडे बसलो. जालना, परभणी, उदगीरकडची मुलं पहिल्यांदाच कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर लिहायची. त्यांची अडचण बहुतेक वेळा साधी असायची. ती सुटायला वेळ लागायचा तो सुरुवातीच्या दोन ओळींमुळे.

सेलूच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण घ्या. तिने विषयाची जागा रिकामी ठेवून ‘नमस्कार सर’ एवढंच पाठवलं आणि उत्तराची वाट पाहिली. संध्याकाळी दुसरा मेल: ‘सर, प्लीज हेल्प.’ दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मेलमध्ये खरी गोष्ट आली: फी भरली, बँकेतून पैसे गेले, पण अर्जावर ‘पेमेंट बाकी’ दिसतंय. आमच्याकडे नवा मेल आला की सिस्टिम ती नवी तक्रार समजून तिला नवा तिकीट नंबर द्यायची. त्यामुळे तिची तीन तिकिटं झाली आणि ती तिघांकडे गेली. पहिल्या दोघांनी ‘आपली अडचण कळवा’ असं उत्तर दिलं. आता चौथा मेल करावा की थांबावं, हेच तिला कळेना.

तिने केलं ते चॅटवर चालून गेलं असतं. चॅटमध्ये ‘नमस्कार’ म्हणजे दार वाजवणं. पलीकडून लगेच ‘बोला’ येतं. मेलमध्ये तो ‘बोला’ यायला दिवस जातो, म्हणून नमस्कार आणि काम एकाच मेलमध्ये हवं.

दुसऱ्या टोकाला असतो शाळेत शिकवलेला अर्ज. ‘प्रति, मा. व्यवस्थापक साहेब’, मग ‘महोदय’, मग ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी खाली सही करणार...’ कागदावर हे शोभतं, कारण बाबूच्या हातात अख्खा कागद असतो. हेल्पडेस्कच्या यादीत मात्र मेलचा विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्दच दिसतात. ते शब्द ‘वरील विषयास अनुसरून’मध्येच संपले तर मेल फीच्या माणसाकडे द्यावा की फोटो अपलोडच्या, हे उघडल्याशिवाय कळत नाही. ‘सा.न.वि.वि.’ घरच्या वडीलधाऱ्यांसाठी ठेवा. आपल्याकडचं ‘राम राम’ किंवा ‘जय भीम’ मनापासूनचं असतं, ते लिहिलं म्हणून कुणी रागावत नाही. पण पलीकडे कोण आहे हे माहीत नसताना ‘नमस्कार’ सगळ्यांना चालतं.

‘सर’चंही तसंच. आमच्या टेबलावर निम्म्याहून जास्त मुली होत्या आणि त्यांना रोज ‘सर’ म्हणून मेल यायचे. त्या हसून सोडून द्यायच्या, पण मला ते खटकायचं. नाव माहीत नसेल तर ‘नमस्कार,’ किंवा ‘महोदय/महोदया,’ पुरतं. इंग्रजीत लिहायचं असेल तर ‘हॅलो सपोर्ट टीम’ चांगलं. उत्तराखाली ‘किरण’ असं नाव आलं तरी सर की मॅडम याचा अंदाज बांधू नका. ‘किरणजी, नमस्कार’ लिहा.

सेलूच्या त्या मुलीने फोन केला तेव्हा मी तिला मेल असा लिहायला सांगितला. विषय: ‘फी कापली, अर्जावर पेमेंट बाकी – अर्ज क्रमांक अमुक’. आणि मजकूर:

‘नमस्कार,
माझी परीक्षा फी काल दुपारी यूपीआयने भरली गेली, बँकेतून रक्कम वजा झाली, पण अर्जावर अजून “पेमेंट बाकी” दिसत आहे. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट सोबत आहे. पैसे जमा झाले का ते कृपया तपासावे. तोवर मी पुन्हा फी भरू की थांबू?’

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दोनदा पैसे भरणारे पुष्कळ असतात आणि परतावा मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. आपण कोण, कुठल्या गावचे, कितवीत, हे खाली नावाजवळ लिहिलं तरी चालतं. ओटीपी, पासवर्ड, यूपीआय पिन मात्र कुठेच लिहायचा नाही.

चॅटवर हाच मजकूर एका दमात टाकू नका, पण नुसतं ‘हाय’ टाकून चहालाही जाऊ नका. पलीकडचा माणूस एका वेळी तीन-चार चॅट सांभाळत असतो आणि काही मिनिटं उत्तर आलं नाही की बऱ्याच ठिकाणी खिडकी आपोआप बंद होते. ‘नमस्कार, फी कापली पण अर्जावर बाकी दिसतेय’ ही एक ओळ पुरे. अर्ज क्रमांक हाताशी ठेवा, ते विचारतील तेव्हा द्या. तिथे पडद्यावर नाव दिसतं, म्हणून नावाने बोललेलं बरं.

पोचपावतीच्या मेलमध्ये विषयात तिकीट नंबर येतो. पुढचं सगळं त्याच मेलला ‘रिप्लाय’ करून लिहा आणि विषय बदलू नका, नाहीतर पुन्हा नवं तिकीट निघतं. उत्तर वेगळ्याच माणसाकडून आलं, तर पुन्हा एक ‘नमस्कार’ लिहून थेट राहिलेल्या मुद्द्यावर या; मागची हकिगत त्याला त्याच तिकिटात वाचता येते.