‘तयार साडी’ या दोन शब्दांत किती साड्या असतात: नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी

परभणीत साडी नेसवून देण्याचे आणि साडी शिवून देण्याचे, अशी दोन्ही कामे मी करते. या कामात नव्याने येणाऱ्या मुली निऱ्या घालायला पंधरवड्यात शिकतात, परंतु ग्राहकाने उच्चारलेल्या शब्दावरून तिला नेमकी कोणती साडी हवी आहे हे ओळखायला त्यांना फार वेळ लागतो, आणि खरे नुकसान तेथेच होते. म्हणून येथे ऑर्डरच्या वहीत काय लिहावे आणि त्या लिहिण्याने निऱ्या व पदर कसे बदलतात, एवढ्याच विषयावर लिहिते आहे.

माझ्या दुसऱ्या वर्षातील एका साडीपासून सुरुवात करते. मानवतहून एक ताई मुलीच्या लग्नासाठी घेतलेली पैठणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “ताई, साडी तयार करून ठेवा, त्या दिवशी नेसायला वेळ मिळायचा नाही.” मी वहीत ‘तयार साडी’ असे लिहिले आणि मापे घेतली. त्यांच्या मनात होते ते एवढेच, की फॉल-पिको करावे, निऱ्या व पदर आधीच घालून इस्त्री करून घडी बांधून ठेवावी आणि लग्नाच्या सकाळी ती नेसवावी. मी मात्र साडी कापून, कमरेला पट्टा व हूक लावून, शिवून ठेवली. त्यांनी साडी उलगडली आणि कापलेली कड पाहिली, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ते गप्प राहणे मला आजही आठवते.

चूक का घडली हे समजण्यासाठी साडीचा हिशेब समजला पाहिजे. ब्लाउजपीस काढल्यावर सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच उरते. त्या ताईंची कंबर ३४ आणि सीट ४० इंच होती. हाताने नेसवताना उजव्या बाजूने खोचून पहिला वेढा घेतला की सैलपणासह ४६ इंच जातात. निऱ्यांनंतरचे कापड डावीकडून पाठीमागे जाऊन उजव्या काखेखाली येते, त्याला ३० इंच लागतात, तेथून छातीवरून डाव्या खांद्यापर्यंत २६ इंच, आणि खांद्यावरून मागे गुडघ्याच्या खाली येणाऱ्या पदराला ४४ इंच. ही बेरीज १४६ होते. उरलेले ७० इंच निऱ्यांचे. पाच इंच रुंदीची एक निरी जाताना पाच आणि येताना पाच, असे दहा इंच खाते, म्हणून सात निऱ्या बसतात.

हाताने नेसलेल्या साडीत निऱ्या आणि पदर हे एकाच कापडातले वाटेकरी आहेत. पदर दहा इंच लांब सोडायचा ठरला तर एक निरी कमी होते, आणि नऊ निऱ्यांचा घेर हवा असेल तर पदर वीस इंचांनी आखूड होतो. म्हणून नेसवणाऱ्या कुशल बाया आधी पदर खांद्यावर लावून त्याची लांबी निश्चित करतात आणि मग उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालतात. नवीन मुली उलट करतात आणि पदर जेवढा उरेल तेवढा उरतो.

शिवलेल्या साडीत ही वाटणी कात्री लागते त्या क्षणी कायमची होते. आमच्या पद्धतीत वेढा आणि निऱ्या मिळून ११६ इंचांचा खालचा भाग वेगळा होतो आणि १०० इंचांचा पदराचा भाग वेगळा होतो. खालच्या भागाचा जास्तीचा घेर कमरेवर टक्स घालून पट्ट्यात बसवला जातो, आणि पदराचा भाग निऱ्यांच्या डाव्या बाजूला पट्ट्याशी जोडला जातो. पाहणाऱ्याला फरक दिसतो तो असा: शिवलेल्या निऱ्या एकसारख्या रुंदीच्या, वरून सपाट आणि चालतानाही जागच्या जागी राहतात, तर हाताने घातलेल्या निऱ्या खाली किंचित पंख्यासारख्या पसरतात आणि पावलाबरोबर उघडतात. शिवलेल्या निऱ्या वरून चार-पाच इंच खाली शिवल्या तर कडक दिसतात, फक्त पट्ट्यात पकडल्या तर थोड्या मोकळ्या पडतात. हेही आधी विचारावे. पदराच्या बाजूने पाहिले तर नेसलेल्या साडीत उजव्या कमरेपासून डाव्या खांद्याकडे कापडाला एक तिरका ताण येतो आणि काठ त्या ताणावर वर चढतो. शिवलेल्या साडीत तो ताण पदर कोठे जोडला आहे त्यावर अवलंबून असतो, आणि जोड दोन इंच जरी उजवीकडे सरकला तरी छातीवर कापड गोळा होते.

उंचीचा प्रश्नही शब्दातच दडलेला असतो. साडीचा पन्हा साधारण ४६ इंच असतो आणि कमरेपासून जमिनीपर्यंतचे माप ४० निघाले, तर वरचे सहा इंच हाताने नेसताना आत खोचले जातात, आणि चप्पल बदलली तरी ते कमीजास्त करता येतात. शिवलेल्या साडीत ते असे कमीजास्त करता येत नाहीत. म्हणून शिवायची असेल तर लग्नात घालायची चप्पल पायात घालूनच माप घ्यावे, आणि ते सहा इंच कापून न टाकता आतल्या बाजूने दुमडून ठेवावेत.

पैठणीच्या बाबतीत पदराचा आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. तिचे खरे वैभव पदरावरच्या मोर-वेलींत असते. पदराच्या निऱ्या करून खांद्यावर पिन लावली तर ती नक्षी घड्यांत जाते आणि फक्त काठ दिसतो. पदर एकेरी सोडला तर नक्षी पाठीवर पूर्ण उघडते, पण हात सतत अडकतो. शिवताना पदराच्या निऱ्या शिलाईने पक्क्या केल्या तर टाके उसवल्याशिवाय नक्षी दिसत नाही. त्यामुळे मी पैठणीच्या पदराला शिलाई घालतच नाही. पिन पुरेशी असते.

आता वहीत मी ‘तयार’ हा शब्द लिहीत नाही. ‘फक्त फॉल-पिको’, ‘निऱ्या घालून इस्त्री, कापू नये’, ‘कापून शिवणे, पट्टा व हूक’ किंवा ‘लग्नघरी नेसवणे’ यांपैकी एक पूर्ण लिहिते, त्याखाली निऱ्यांची संख्या, पदराची लांबी आणि पदर सोडलेला की निऱ्यांचा हे लिहिते, आणि ग्राहकाला वाचून दाखवते. ‘शिवून द्या’ असे म्हणणाऱ्या कित्येक काकूंना फॉल एवढाच अपेक्षित असतो, हे वाचून दाखवल्यावरच कळते. इस्त्री करून ठेवायची असेल तर निऱ्या चिमट्यांनी धरून, जरीवर पातळ सुती कापड ठेवून मध्यम उष्णतेची इस्त्री फिरवावी आणि रेशमावर पाणी शिंपडू नये, डाग पडतो.

त्या ताईंची साडी मी लग्नाच्या आधी पुन्हा जोडली. काप ११६ इंचांवर होता, म्हणजे सातव्या निरीच्या शेवटी. त्यामुळे बारीक टाक्यांची शिलाई घातल्यावर जोड शेवटच्या निरीच्या आतल्या घडीत गेला आणि बाहेरून दिसला नाही. शिलाईत सुमारे एक इंच कापड गेले. मात्र त्या साडीला आता कायम सातच निऱ्या घालाव्या लागतात. सहा घातल्या तर जोड उघडा पडून डाव्या कमरेवर येतो, आठ घातल्या तर पदर आखूड होऊन जोड आठव्या निरीच्या तोंडाशी येतो. हे मी त्यांना साडीबरोबर कागदावर लिहून दिले आणि मजुरी घेतली नाही.