रात्रीच्या फेरीचा तक्ता: ‘ठीक’ लिहिताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी मेंटेनन्स बघतो. आमच्या रखवालदारांच्या तक्त्यात फायर पंप रूमपुढं कित्येक महिने एकच शब्द होता: ठीक. तोही फेरी झाल्यावर टेबलाशी बसून, एका दमात भरलेला. पहिली चूक इथंच होते, आणि ती निम्मी तक्ता छापणाऱ्याची, म्हणजे माझी. रकाना आकडा मागतच नव्हता.

मग नवे रखवालदार मामा आले. पहिल्याच रात्री त्यांनी विचारलं, “साहेब, ठीक म्हंजे किती?”

“दाबाच्या काट्यावर सात किलोच्या आसपास.”

तेव्हापासून मामा आकडाच लिहू लागले. सुट्टीच्या रात्री 11 वाजता 6.8, 1 वाजता 6.2, 3 वाजता 6.9. उतरलेला काटा परत चढला कसा, म्हणून ते घड्याळ बघत तिथंच थांबले. 20 मिनिटांत छोटा पंप चार वेळा सुरू झाला. चारही वेळा त्यांनी लिहून ठेवल्या.

हा छोटा पंप म्हणजे जॉकी. आगीच्या लाइनमध्ये पाणी कायम दाबाखाली असतं. दाब थोडा उतरला की जॉकी तो भरून काढतो. आमच्याकडं तो 6 ला सुरू होतो, 7 ला बंद. मुख्य पंप 5 ला लागतो. लाइन घट्ट असेल तर जॉकी क्वचितच लागतो. दर पाच मिनिटांनी लागतोय म्हणजे पाणी कुठंतरी जातंय. दिवसा लेथच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? आणि जॉकी दाब भरत राहिल्यानं मुख्य पंपही कधी लागला नाही, त्यामुळं तक्रारही नाही.

इथं दुसरी, जास्त घातक चूक होते: पंप सारखा वाजतोय म्हणून जॉकीचा स्विच बंद करणं. गळती तशीच राहते, आणि मुख्य पंपही ऑटोवर नसेल तर आगीच्या वेळी लाइनमध्ये दाबच नसतो. रखवालदारानं स्विच किंवा व्हॉल्व्हला हात लावू नये. वेळ आणि आकडा लिहून फोन करावा. मामांनी तेच केलं.

सकाळी मॅनेजरला सांगून आम्ही जॉकी थोडा वेळ थांबवला आणि एकेका भागाचा व्हॉल्व्ह बंद करून काटा बघत गेलो. यार्डाकडचा बंद केल्यावर काटा जागीच थांबला. भंगाराच्या पिंपांमागं एका हायड्रंटचा रबरी वॉशर गेला होता. पाण्याची बारीक धार थेट गटारात. वॉशर बदलला. निघण्याआधी सगळे व्हॉल्व्ह पुन्हा उघडलेत का, जॉकी ऑटोवर आहे का, हे दोघांनी मिळून तपासलं, कारण घाईत नेमकं तेच राहतं.

त्या रात्रीच्या तक्त्यात 7, 7, 7. तीनदा तोच आकडा बघून मला शंका आली. मामांना विचारलं.

“मलापण आली, साहेब. काट्यावर टिचकी मारून बघितली, अडकलाय काय म्हणून.”