फर्स्ट पर्सन गेममध्ये गरगरतंय? सेटिंग्जमधल्या या चुका टाळा

माझा भाचा माइनक्राफ्ट खेळताना वीसेक मिनिटांत लॅपटॉप बंद करून पलंगावर आडवा पडायचा. "मामा, घाटात बस लागते ना, तसं होतंय," एवढंच त्याचं निदान. ते बरोबरच होतं, फक्त उलट्या दिशेने. घाटात मोबाइल बघत बसलो की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला वळणं कळतात, डोळ्यांना कळत नाहीत. गेममध्ये डोळे म्हणतात पळतोय, कान म्हणतो खुर्चीत बसलोय. दोन्हीकडे भांडण तेच.

हे भांडण पूर्ण मिटत नाही, पण सेटिंग्जमध्ये ते बरंच कमी करता येतं. भाच्यानेही प्रयत्न केला होता. कोणत्यातरी व्हिडिओत काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याने "फील्ड ऑफ व्ह्यू ९० बेस्ट" म्हटलेलं ऐकून याने माइनक्राफ्टमध्ये ९० केला. त्रास वाढला.

पहिली चूक इथेच आहे: एका गेमचा आकडा दुसऱ्या गेममध्ये उचलून टाकणं. फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे गेममधला कॅमेरा किती अंशांचं दृश्य पडद्यावर आणतो ते. पण हा कोन कुठे मोजायचा यावर गेम्सचं एकमत नाही. काउंटर-स्ट्राइकमधले ९० अंश आडवे असतात, तेही जुन्या ४:३ पडद्याच्या हिशेबाने. आजच्या १६:९ पडद्यावर ते आडवे सुमारे १०६ अंश होतात. माइनक्राफ्ट मात्र उभा कोन मोजतो. त्याचे नेहमीचे ७० अंश १६:९ पडद्यावर आडवे १०२ भरतात, आणि ९० केले की थेट १२१. म्हणजे त्या व्हिडिओवाल्याच्या ९० ला माइनक्राफ्टमध्ये जोड आहे ती ७४ ची. भाचा वाढवायला गेला चार अंश आणि वाढले वीस.

वाढले तर बिघडलं काय? जास्त दिसणं चांगलंच, असं वाटतं. पण सपाट पडद्यावर रुंद दृश्य बसवायचं तर कडा ताणाव्या लागतात. आडवे १०२ अंश असताना अगदी कडेचं दृश्य मध्यापेक्षा आडवं सुमारे अडीचपट ताणलेलं असतं, १२१ ला चौपटीहून जास्त. मान वळवली की कडेची झाडं रबरासारखी लांबतात, आणि पळताना दोन्ही बाजूंनी जमीन सुसाट मागे जाते. "आपण हलतोय" हा भास डोळ्याच्या कडेने जास्त होतो, त्यामुळे त्रास तिथूनच सुरू होतो.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची: फारच कमी कोन. टीव्हीसाठी बनवलेले गेम कोन लहान ठेवतात, कारण टीव्ही लांब असतो. ५५ इंची टीव्ही अडीच मीटरवरून आपल्या नजरेचे फक्त २७ अंश व्यापतो. २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून ४८ अंश व्यापतो. तोच लहान कोन टेबलावरच्या मॉनिटरवर आला की दुर्बिणीतून बघत चालल्यासारखं होतं. हाफ-लाइफ २ चा मूळ कोन ७५ होता (पुन्हा ४:३ च्या हिशेबाने), आणि अनेकांनी तो ९० केल्यावर डोकं दुखायचं थांबल्याचं सांगितलं.

ओळखायचं कसं? माउस जरा हलवला तरी समोरची भिंत झपकन सरकते आणि कपाळ जड होतं, तर कोन कमी आहे. उभं असताना ठीक, पण पळताना पोटात ढवळतं, तर जास्त आहे. मग पाच-पाच अंशांनी सरका. आणि खुर्ची मागे घेणं हाही उपाय आहे, तो फुकट असल्याने कुणी सांगत नाही.

माइनक्राफ्टमध्ये आणखी एक गोम आहे. पळायला लागलं की कोन आपोआप सुमारे १५ टक्के रुंदावतो, थांबलं की आत येतो. स्लायडर कितीही नीट लावला तरी हे चालूच राहतं. ते बंद करायचं तर Accessibility Settings मध्ये FOV Effects शून्यावर आणा.

आता डोकं हलणं, म्हणजे हेड बॉब. "खऱ्या आयुष्यातही चालताना डोकं हलतंच की," असं म्हणून लोक ते चालू ठेवतात. कॉरिडॉरमधून चालत जाऊन समोरची पाटी वाचा: अक्षरं हलत नाहीत. डोकं हलतं, पण कान डोळ्यांना कळवतो आणि डोळे तेवढेच उलटे फिरतात. आता तोच कॉरिडॉर मोबाइलवर चित्रित करून बघा. गेममधला हेड बॉब म्हणजे तो व्हिडिओ. खरेपणा वाढत नाही, उलट मेंदू जे रोज पुसून टाकतो तेच परत दाखवलं जातं. माझ्या मते गरगरणाऱ्याने सगळ्यात आधी हेच बंद करावं.

अडचण अशी की प्रत्येक गेममध्ये त्याचं नाव वेगळं. माइनक्राफ्टमध्ये Video Settings खाली View Bobbing, सायबरपंक २०७७ मध्ये Additive Camera Motions. स्फोटाने कॅमेरा हादरणं बहुधा स्वतंत्र असतं. बंद केल्यावर पहिले काही दिवस तरंगत चालल्यासारखं वाटेल. पडद्याच्या मध्यभागी स्थिर ठिपका असेल तर तो चालू ठेवा, नजरेला धरायला काहीतरी मिळतं. मिरर्स एजमध्ये (२००८) तो ठिपका याचसाठी दिला होता.

मोशन ब्लरवर मात्र नको ते आरोप होतात. वळताना दिसणारा धूसरपणा गेमचा की पडद्याचा, हे आधी तपासा. जोरात वळताना स्क्रीनशॉट घ्या. चित्र पुसट आलं तर गेम ते करतोय. स्वच्छ आलं तर दोष पडद्याचा, आणि मोशन ब्लर बंद करून काही फरक पडणार नाही. दुसरं म्हणजे, गेम सेकंदाला तीसच फ्रेम देत असेल तर ब्लर त्यातले धक्के झाकतो. तो काढला की दृश्य अडखळताना दिसतं आणि काहींना तेच जास्त लागतं. आधी ग्राफिक्स उतरवून ६० फ्रेम गाठा, मग ब्लर काढा. माइनक्राफ्ट जावामध्ये मुळात मोशन ब्लर नाहीच. दिसत असेल तर तो शेडर पॅकमधून आलाय, तिथेच बंद करा.

आणि मळमळत असताना सेटिंग्ज बदलू नका. एकदा सुरू झालेली मळमळ बराच वेळ उतरत नाही, त्यामुळे योग्य बदलही निरुपयोगी वाटतो. दुसऱ्या दिवशी, ताज्या डोक्याने, एकच गोष्ट बदलून पंधरा मिनिटं खेळा.

भाच्याचं असंच केलं. पहिल्या दिवशी View Bobbing बंद, दुसऱ्या दिवशी ९० वरून ७०, तिसऱ्या दिवशी FOV Effects शून्य. आता तो तासभर आरामात खेळतो. फक्त नेदर पोर्टलमध्ये उभं राहिलं की पडदा पाण्यासारखा डुचमळायचा, तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. त्यासाठी Distortion Effects नावाचा वेगळा स्लायडर आहे. तो खाली आणला की डुचमळणं थांबतं, आणि खेळातलीच मळमळ लागली तर दृश्य वाकडंतिकडं होण्याऐवजी पडद्यावर नुसती हिरवट झाक येते.